नकाशा कोणाचा, हे फीच्या टप्प्यावरच लिहा : करारसमित्यांना खुले पत्र

प्रति,
वास्तुविशारद व इंटिरियर डिझायनर यांच्या व्यावसायिक संघटनांमधील करारसमित्यांचे सदस्य,

सविनय नमस्कार.

आपल्या समित्या सभासदांसाठी फीच्या कराराचे नमुने तयार करतात. मी स्वतः वास्तुविशारद म्हणून काम करतो, आणि मालक व डिझायनर यांच्यातील वादांत मध्यस्थ म्हणूनही अधूनमधून बसतो. अशा वादांत माझ्यासमोर येणारे बहुतेक करार एकाच घडणीचे असतात. पहिल्या पानावर फीचे टप्पे असतात, मधल्या पानांवर दोन्ही बाजूंची कर्तव्ये असतात आणि अगदी शेवटी, बहुधा सहीच्या जरा वर, ‘सर्व नकाशांची मालकी डिझायनरकडे राहील’ असे एक वाक्य असते. या पत्राद्वारे माझी विनंती एवढीच आहे की ते वाक्य शेवटून उचलावे आणि प्रत्येक टप्प्यासमोर तुकड्यातुकड्याने लिहावे. फी, मान्यता, साइटवरील भेटी आणि नकाशांवरील हक्क ही चार स्वतंत्र कलमे आहेत असे आपण मानतो. काम सुरळीत चालते तोवर त्यात काही बिघडत नाही. पण काम मध्येच थांबले की ही चारही कलमे एकाच हिशेबाच्या बाजू असल्याचे लक्षात येते.

याचा सर्वांत बोलका पुरावा इंग्लंडमध्ये 1971 च्या सुमारास मिळाला. तेथील अपील न्यायालयासमोर त्या सुमारास दोन जवळजवळ सारखी प्रकरणे आली होती. ब्लेअर विरुद्ध ऑस्बोर्न अँड टॉमकिन्स या प्रकरणात वास्तुविशारदांनी बांधकाम परवानगी मिळेपर्यंतचे काम केले होते आणि त्या टप्प्याची फी त्यांना मिळाली होती. त्यानंतर मालकाने परवानगीसह जागा विकली, आणि घेणाऱ्याने तेच नकाशे वापरून बांधकाम केले. न्यायालयाने सांगितले की टप्प्याची फी दिल्यामुळे त्या जागेवर ते नकाशे वापरण्याची परवानगी गृहीत धरावी लागेल, आणि ती जागेबरोबर नव्या मालकाकडेही जाईल. स्टोविन-ब्रॅडफर्ड विरुद्ध व्होलपॉइंट या दुसऱ्या प्रकरणात मात्र वास्तुविशारदाने परवानगीच्या नकाशांसाठी नाममात्र रक्कम घेतली होती. प्रचलित दराने त्या टप्प्याची जी फी झाली असती त्याच्या तुलनेत ती फारच थोडी होती. येथे न्यायालयाने उलट निर्णय दिला. एवढ्या रकमेत इमारत बांधण्याची परवानगी दिली गेली असे समजता येणार नाही, असे ठरले.

न्यायालय तेच आणि प्रश्नही तोच असताना उत्तरे दोन निघाली. याचे कारण असे की हक्कांबद्दल स्पष्ट काहीच ठरलेले नव्हते, म्हणून न्यायाधीशांना फीच्या आकारावरून दोन्ही पक्षांचा हेतू शोधावा लागला. आपल्यापैकी अनेक जण काम मिळावे म्हणून संकल्पनेची फी अगदी कमी सांगतात आणि खरी वसुली पुढच्या टप्प्यांत करायची असे मनाशी ठरवतात. मनातले ते गणित मालकाला माहीत नसते. त्याच्या दृष्टीने त्याने मागितलेले पैसे दिले आणि नकाशे विकत घेतले. सुरुवातीची फी कमी ठेवायला माझी हरकत नाही, परंतु त्या टप्प्यासमोर ‘या रकमेत बांधकामासाठी वापरण्याचा हक्क समाविष्ट नाही’ असे वाक्य असलेच पाहिजे. ते लिहायला संकोच वाटत असेल, तर फी वाढवावी.

आता एक प्रकरण तपशिलात मांडतो. ओळख पटू नये म्हणून काही गोष्टी बदलल्या आहेत आणि रकमांऐवजी एकूण फीचे शंभर भाग कल्पिले आहेत. दुमजली घर होते. करारात संकल्पनेला 15 भाग, विकसित आराखड्याला 20, परवानगीच्या नकाशांना 10, वर्किंग ड्रॉइंग आणि टेंडर यांना मिळून 35 आणि बांधकामाच्या काळातील कामाला 20 भाग ठरले होते. ही विभागणी वाजवी होती. पहिले तीन टप्पे पार पडून मालकांनी 45 भाग दिले, आणि चौथ्या टप्प्याच्या आरंभी आणखी 15 भाग आगाऊ दिले, म्हणजे 60 भाग चुकते झाले. वर्किंग ड्रॉइंगच्या एकूण 40 पत्रकांपैकी 24 पत्रके देऊन झाली असताना मालकांनी जिना हलवायला सांगितले.

जिना हलवणे म्हणजे नेमके काय, हे मालकांना आपण कधी नीट समजावून सांगत नाही. या घरात एका मजल्याची उंची 3150 मिलिमीटर होती, आणि मूळ जागी 150 मिलिमीटर उंचीचे 21 टप्पे सुखाने बसत होते. मध्ये वळण घेणाऱ्या त्या जिन्याच्या लांब बाजूला दहा पाऊलपट्ट्या होत्या. 250 मिलिमीटर रुंदीने त्यांची लांबी अडीच मीटर होत होती. नव्या जागी दोनच मीटर उपलब्ध होते. त्यामुळे 175 मिलिमीटर उंचीचे 18 टप्पे करावे लागले, म्हणजे दोन्ही बाजूंना नऊ-नऊ टप्पे आणि आठ-आठ पाऊलपट्ट्या. चढण अधिक उभी झाली हा त्यातला लहान भाग. स्लॅबमधील मोकळी जागा सरकल्यामुळे स्ट्रक्चरल इंजिनीअरला एक बीम हलवावा लागला. तो बीम नेमका स्वच्छतागृहाच्या डक्टवर आला, म्हणून डक्ट हलला आणि डक्टबरोबर वरच्या मजल्यावरील स्वच्छतागृहाची मांडणी बदलली. 24 पैकी 14 पत्रके पुन्हा काढावी लागली.

डिझायनरचे म्हणणे असे होते की आराखडा आधीच मान्य झाला होता, म्हणून बदलाची वेगळी फी द्यावी. मालकांचे म्हणणे असे की आम्ही आराखडा कधी मान्यच केला नव्हता. दोघेही खोटे बोलत नव्हते. मान्यतेचा पुरावा म्हणून पुढे आला तो फोनवरचा एक संदेश होता : ‘छान आहे, पुढे चला.’ त्या संध्याकाळी डिझायनरने दोन चित्रे पाठवली होती, आणि त्यांत जिन्याची जागा वेगवेगळी होती. ‘छान आहे’ हे दोहोंपैकी कोणत्या चित्राला उद्देशून होते, ते त्या संदेशावरून आता कोणालाच ठरवता येत नव्हते.

म्हणून नमुना करारात मान्यतेची व्याख्या अशी असावी की मान्यता ही टप्प्याला नसून क्रमांक, आवृत्ती आणि तारीख असलेल्या विशिष्ट पत्रकाला असते. फोनवर मान्यता घ्यायला हरकत नाही, पण संदेशात पत्रकाचा क्रमांक आणि आवृत्ती आलीच पाहिजे, आणि आली नसेल तर ती विचारून घेणे हे डिझायनरचे काम आहे. काही नमुन्यांत मालकाने ठरावीक दिवसांत उत्तर दिले नाही तर नकाशा मान्य समजला जाईल असे कलम असते. हे कलम मला पटत नाही. मौनाला संमती ठरवून काढलेली वर्किंग ड्रॉइंग नंतर भांडणाचाच माल होतात. त्यापेक्षा उत्तर येईपर्यंत वेळापत्रक थांबेल, आणि विलंब ठरलेल्या मुदतीपलीकडे गेला तर डिझायनरला काम पुन्हा सुरू करण्याचा खर्च मिळेल, असे कलम दोघांनाही सोयीचे पडते.

मान्यता या शब्दात दोन वेगळ्या गोष्टी मिसळतात, तेही थांबवायला हवे. मालकाची मान्यता आणि प्राधिकरणाची परवानगी यांचा हिशेब वेगळा आहे. प्राधिकरणाने नियमानुसार त्रुटी दाखवली आणि ती आधी तपासता आली असती, तर दुरुस्तीचा खर्च डिझायनरचा. नियम मध्येच बदलला, किंवा मालकाने धोका माहीत असूनही अधिक मजल्याचा आग्रह धरला, तर तो मालकाचा. परवानगी मिळवून देण्याची हमी मात्र कोणत्याही डिझायनरने देऊ नये, कारण तो निर्णय त्याच्या हातात नसतो. त्याच्या हातात परिपूर्ण अर्ज असतो, आणि फीही त्याचीच घ्यावी.

त्या घराकडे परत येतो. संबंध बिघडले आणि मालकांनी करार संपवला. डिझायनरने चौथ्या टप्प्याचे पूर्ण 35 भाग आणि बदलाची फी मागितली. मालकांनी दिलेल्या 60 भागांपैकी 15 परत मागितले. करारात टप्पा अपुरा राहिला तर काय, याबद्दल एक शब्दही नव्हता. मध्यस्थीत आम्ही पत्रकांच्या प्रमाणात हिशेब केला. 40 पैकी 24 पत्रके, म्हणून 35 पैकी 21 भाग. पुन्हा काढलेल्या 14 पत्रकांचे पूर्ण मूल्य सव्वाबारा भाग होत होते, पण पत्रक कोऱ्यावरून काढणे आणि बदलणे यांत फरक असल्याने निम्मे, म्हणजे साधारण सहा भाग धरले. 45 अधिक 21 अधिक 6 मिळून 72 झाले. 60 भाग आधीच दिलेले होते, म्हणून मालकांकडून 12 भाग येणे निघाले. पत्रके मोजणे हे ओबडधोबड माप आहे, हे मी मान्य करतो. तळमजल्याच्या मूळ पत्रकात जेवढा विचार असतो तेवढा दरवाज्यांच्या तपशिलाच्या पत्रकात नसतो. तरीही करारात पत्रकांची यादी आधीच जोडलेली असेल, आणि प्रत्येक पत्रकासमोर त्याचा भाग लिहिलेला असेल, तर हा हिशेब काही मिनिटांत होतो. यादी नसेल तर तो महिनोन्महिने चालतो.

मात्र हा आकडा ठरण्याआधीच नुकसान झाले होते. पैसे अडकले म्हणून डिझायनरने सुधारित पत्रके अडवली. मालकांना ती मिळेनात, म्हणून कंत्राटदाराने फोनवर असलेल्या जुन्या आवृत्तीवरून काम चालू ठेवले, तर स्ट्रक्चरल इंजिनीअरचे पत्रक नव्या आवृत्तीचे होते. स्लॅब भरण्यापूर्वी लोखंड बांधताना मिस्त्रीच्या लक्षात आले की जिन्याची मोकळी जागा एकीकडे आणि बीम दुसरीकडे आहे. सुदैवाने काँक्रीट पडायच्या आधी ते दिसले. नकाशे अडवण्याचा हक्क डिझायनरला असावा की नसावा, यावर मतभेद असू शकतात. पण साइटवर बांधकाम चालू असताना तो वापरला तर इजा फक्त मालकाच्या खिशाला होत नाही, म्हणून माझ्या मते कराराने त्याला मर्यादा घातली पाहिजे : ज्या भागाचे काम साइटवर सुरू झाले आहे त्याची अद्ययावत पत्रके अडवता येणार नाहीत, आणि थकबाकी वसूल करण्याचा मार्ग वेगळा राहील.

आता मालकीबद्दल. ‘नकाशा कोणाचा’ या प्रश्नात तीन वस्तू एकत्र बांधलेल्या असतात. पहिली वस्तू म्हणजे छापील प्रत किंवा तिची वाचता येणारी फाइल. ती फी दिल्यावर मालकाची होते, याबद्दल वाद नाही. दुसरी म्हणजे रचनेवरील स्वामित्वहक्क, म्हणजे कॉपीराइट. वास्तुरचना आणि तिचे नकाशे बर्न करारानुसार संरक्षित आहेत. वास्तुकृतींचा समावेश त्यात 1908 च्या बर्लिन सुधारणेपासून आहे. सर्वसाधारण तत्त्व असे की हा हक्क रचनाकाराकडे राहतो आणि केवळ फी दिल्याने तो मालकाकडे जात नाही. त्यासाठी लेखी हस्तांतरण लागते. मालकाला मिळतो तो वापरण्याचा परवाना. तिसरी वस्तू म्हणजे बदलता येणारी मूळ फाइल, आणि भांडण बहुतेक वेळा तिच्यावरून होते, कारण पुढच्या डिझायनरला तीच हवी असते.

परवान्याच्या कलमात जागा एकच, इमारत एकच आणि हेतू बांधकाम, दुरुस्ती व देखभाल असे स्पष्ट लिहावे. त्याच नकाशावर दुसरे घर बांधायचे असेल तर पुनर्वापराची फी किती, तेही लिहावे. विकासक मंडळींशी करार करताना हे विसरलात तर एका इमारतीच्या फीत पाच इमारती उभ्या राहिलेल्या बघाव्या लागतात. जागा विकली तर परवाना घेणाऱ्याकडे जातो की नाही, हेही आधीच सांगावे. न सांगितल्यास काय होते ते ब्लेअर प्रकरणाने दाखवलेच आहे.

अमेरिकन वास्तुविशारदांच्या संस्थेचा बी 101 हा नमुना करार, त्याची 2017 ची आवृत्ती, या बाबतीत अभ्यासण्यासारखा आहे. त्यात मालकाला अनन्य नसलेला परवाना मिळतो आणि तो वेळेवर पैसे देण्याशी जोडलेला असतो. वास्तुविशारदाने योग्य कारणाने करार संपवला, तर परवानाही संपतो. मूळ वास्तुविशारदाला बाजूला ठेवून मालकाने नकाशे वापरले, तर त्या वापरातून उद्भवणाऱ्या दाव्यांपासून वास्तुविशारद मुक्त होतो. ही शेवटची तरतूद मला मूळ फाइलच्या प्रश्नाची किल्ली वाटते. फाइल द्यायला आपण घाबरतो, कारण दुसऱ्याने बदललेला नकाशा आपल्या नावाने फिरेल. मग नाव काढून द्या. टायटल ब्लॉक, शिक्का आणि सही काढलेली फाइल, ‘दिनांक अमुक रोजीच्या स्थितीत’ अशा नोंदीसह, ठरलेली फी आल्यावर द्यावी आणि पुढील जबाबदारी घेणाऱ्याची असल्याचे लिहून घ्यावे. आमच्या प्रकरणात 12 भाग चुकते झाल्यावर नेमके असेच 24 पत्रकांचे हस्तांतरण झाले आणि उरलेली 16 पत्रके दुसऱ्या कार्यालयाने काढली.

येथे एक अडचण राहते. स्ट्रक्चरल किंवा विद्युत सल्लागाराची पत्रके आपली नसतात, आणि जे आपले नाही त्याचा परवाना आपण मालकाला देऊ शकत नाही. सल्लागार आपल्यामार्फत नेमला असेल, तर त्याच्याशी केलेल्या करारात हाच परवाना आधी मिळवून ठेवावा लागतो. याउलट जमिनीची मोजणी, मातीचा अहवाल वगैरे मालकाने स्वतंत्रपणे पैसे देऊन करून घेतलेली कागदपत्रे मालकाचीच आहेत. ती अडवून ठेवण्याची प्रथा काही कार्यालयांत आहे, ती आपल्या समित्यांनी स्पष्ट शब्दांत नाकारावी.

साइटवरील भेटींविषयी थोडक्यात लिहितो, जरी गैरसमज येथेही भरपूर असतात. ‘डिझायनर कामावर देखरेख करील’ हे वाक्य नमुन्यातून पूर्णपणे काढून टाकावे. देखरेख म्हणजे रोज हजर राहणे, असा अर्थ मालक घेतो, आणि कोणतेही न्यायालय तसाच घेऊ शकते. ठरावीक भेटींत काम नकाशानुसार चालले आहे का हे पाहणे वेगळे, आणि कंत्राटदाराच्या प्रत्येक मिश्रणावर डोळा ठेवणे वेगळे. दुसरे हवे असेल तर साइटवर पूर्णवेळ अभियंता नेमावा लागतो आणि त्याचा पगार वेगळा असतो. वर उल्लेखलेल्या बी 101 मध्ये भेटींची संख्या भरण्यासाठी रिकामी जागा ठेवलेली आहे, आणि त्यापुढील भेटी अतिरिक्त सेवा ठरतात. मी त्याच्या जोडीला भेटींचे प्रसंगही लिहावेत असे सुचवतो : आखणी झाल्यावर, पायाचे काँक्रीट भरण्यापूर्वी, जोते झाल्यावर, प्रत्येक स्लॅबचे लोखंड बांधून झाल्यावर, भिंतींतले पाइप प्लास्टरने झाकण्यापूर्वी, वॉटरप्रूफिंगवर पाणी साठवून चाचणी चालू असताना. इंटिरियरच्या कामात फॉल्स सीलिंग बंद होण्यापूर्वीची भेट कधीही वगळू नये, आणि सुतारकामासाठी जमिनीवर पूर्ण मापाची आखणी झाल्यावर एक भेट असावी, कारण कपाटाचा दरवाजा पलंगाला लागतो की नाही हे तेथेच कळते. जे नंतर झाकले जाणार आहे, ते झाकण्यापूर्वी पाहायचे, हा भेटी ठरवण्याचा निकष.

कंत्राटदाराने भेटीची सूचना किमान दोन कामाचे दिवस आधी द्यावी. बोलावूनही काम तयार नसेल, तर ती भेट मोजली जाईल. प्रत्येक भेटीनंतर लेखी टिपण जावे, आणि त्यात साइटवर पाहिलेल्या पत्रकाचा आवृत्तिक्रमांक असावा. आमच्या प्रकरणात भेटींची टिपणे होती, पण त्यांत आवृत्तीची नोंद नव्हती. ती असती तर कंत्राटदाराच्या हातात जुना कागद आहे हे स्लॅबपर्यंत जाण्याआधीच कळले असते. बांधकाम ठरलेल्या मुदतीपेक्षा लांबले, तर बांधकाम टप्प्याची फी दरमहा किती वाढेल हेही लिहावे.

आपल्या समितीकडे माझी विशिष्ट मागणी अशी आहे की नमुना करारातील फीचा तक्ता चार रकान्यांऐवजी सहा रकान्यांचा करावा. टप्पा, द्यायची पत्रके, फीचा भाग आणि मुदत हे चार रकाने आज असतात. त्यांत मान्यता कोणी व कशी द्यायची याचा एक, आणि त्या टप्प्याची फी दिल्यावर मालकाला नकाशांचा कोणता वापर करता येईल याचा एक, असे दोन रकाने वाढवावेत. संकल्पनेसमोर ‘फक्त पाहणे व निर्णय घेणे’, परवानगीच्या नकाशांसमोर ‘प्राधिकरणाकडे सादर करणे’, वर्किंग ड्रॉइंगसमोर ‘या जागेवर एकदा बांधणे’ अशी नोंद पुरे. असा तक्ता भरताना सभासदाला आणि मालकाला पहिल्याच बैठकीत एकमेकांना जे प्रश्न विचारावे लागतील, त्यांपैकी काही अवघड असतील, आणि त्या प्रश्नांवरून काही कामे सभासदांच्या हातून जातीलही.

नमुन्याचा मसुदा सभासदांच्या अभिप्रायासाठी खुला झाल्यास माझ्याकडील निनावी प्रकरणांची टिपणे समितीला द्यायला मी तयार आहे.

आपला नम्र,
एक व्यवसायरत वास्तुविशारद